कूलर भाडेकरूचा, दंड घरमालकाच्या नावावर: सोसायटीचा दंड नेमका कोणी भरायचा?

नागपुरात मार्च संपत आला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. ताट्या बदलल्या जातात, पंप तपासला जातो, आणि मग प्रश्न येतो की कूलर ठेवायचा कुठे. स्वतःच्या घरात राहणारा माणूस खिडकीबाहेर लोखंडी स्टँड ठोकून मोकळा होतो. भाडेकरूला भिंतीत खिळा मारायचा तरी घरमालकाला विचारावं लागतं, म्हणून तो कूलर सोयीच्या जागी ठेवतो. ती जागा बरेचदा सगळ्यांच्या वापराची असते: पॅसेज, जिन्याचा कोपरा, सामाईक गॅलरी. मग सोसायटीची नोटीस येते, त्यामागून दंड येतो, आणि घरमालक भाडेकरूला म्हणतो, "हे तुमच्यामुळे झालं, तुम्हीच भरा."

घरमालकाचं हे म्हणणं चूक असतंच असं नाही, पण सोसायटीनं काढलेला आकडा जसाच्या तसा भाडेकरूच्या हातात ठेवता येतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. मी नागपुरात दिवाणी कामं पाहते आणि दर उन्हाळ्यात अशी दोन-तीन भांडणं माझ्या टेबलावर येतात. त्यातलंच एक इथे आकड्यांसकट उलगडते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

## झालं काय

बेसा भागातली चार मजली इमारत, रीतसर नोंदलेली सहकारी गृहनिर्माण सोसायटी. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट एका काकूंचा. त्या मुलाकडे पुण्याला राहतात. फ्लॅटमध्ये अमरावतीहून नोकरीसाठी आलेलं एक तरुण जोडपं भाड्यानं राहतं. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणी केलेला, डिपॉझिट तीस हजार.

बेडरूमची खिडकी पॅसेजमध्ये उघडते. 4 एप्रिलला भाडेकरूनं पॅसेजमध्ये स्टँड ठेवून त्यावर कूलर बसवला आणि बाथरूमच्या नळाची नळी थेट कूलरच्या टाकीला जोडली. टाकी भरली की पाणी आपोआप थांबावं म्हणून आत फ्लोट असतो, त्यावर विसंबून नळ रात्रभर उघडा राहायचा.

10 एप्रिलला सोसायटीनं काकूंना ईमेल केला: पॅसेजमधला कूलर सात दिवसांत काढा, नाही तर दंड लागेल, काही म्हणणं असेल तर कळवा. काकूंनी तो ईमेल पाहिला, "सांगू नंतर" म्हणून ठेवून दिला आणि विसरल्या.

26 एप्रिलच्या रात्री फ्लोट अडकला. टाकी भरून वाहू लागली, पाणी पॅसेजमधून लिफ्टच्या दारापाशी गेलं आणि शाफ्टमधून खाली पिटमध्ये उतरलं. सकाळी लिफ्ट बंद. 27 तारखेला सेक्रेटरी स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेले. "भाऊ, हा कूलर आजच्या आज इथून हटवा. पॅसेजमध्ये ठेवायला मनाई आहे." भाडेकरू म्हणाला, "हो जी काका, रविवारी हटवतो." त्यानं फ्लोट बदलला, नळ रात्री बंद करायला लागला, पण कूलर तिथेच राहिला. अखेर 12 मे रोजी काकूंचा पुण्याहून फोन आला आणि त्याच संध्याकाळी कूलर आत गेला.

महिनाअखेर काकूंच्या नावानं सोसायटीचं बिल आलं, आणि काकूंनी त्याचा फोटो काढून भाडेकरूला पाठवला: "8,700 रुपये लगेच ट्रान्सफर करा, नाही तर डिपॉझिटमधून कापीन."

बिलात पाच ओळी होत्या. नियमभंगाचा दंड 1,000. कूलर न हटवल्याबद्दल 18 एप्रिल ते 12 मे, रोज 100 प्रमाणे 25 दिवसांचे 2,500. लिफ्टची दुरुस्ती 2,800. थकलेल्या मेंटेनन्सवरचं व्याज 900. बिनभोगवटा शुल्क 1,500.

## आधी हे बघू: बिल काकूंच्या नावानं का आलं?

मित्राला गाडी दिली आणि त्यानं सिग्नल तोडला, तर ई-चलान कोणाच्या मोबाइलवर येतं? गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या. कॅमेऱ्याला नंबर प्लेट दिसते, मैत्री दिसत नाही. ते पैसे मित्राकडून मागायचे की नाही, हा तुमच्या दोघांमधला वेगळा हिशेब.

सोसायटीचंही तसंच आहे. सोसायटीचा सदस्य घरमालक. सोसायटीचे उपविधी, म्हणजे सोसायटी कशी चालवायची याची नोंदणीकृत नियमावली, त्याच्यावर बंधनकारक असते, कारण सदस्य होताना त्यानं ती मान्य केलेली असते. भाडेकरूनं सोसायटीबरोबर कुठलाही करार केलेला नसतो. म्हणून सोसायटी भाडेकरूला "असं करू नका" म्हणून सांगू शकते, सांगायलाच हवं, पण दंडाचं बिल सदस्याच्या खात्यावर चढतं. घर भाड्यानं दिलं म्हणून ही जबाबदारी भाडेकरूकडे सरकत नाही.

म्हणजे इथे नाती दोन आहेत. सोसायटी आणि काकू यांच्यात उपविधी आहेत. काकू आणि भाडेकरू यांच्यात भाडेकरार आहे. पहिल्या नात्यात ठरलेला आकडा दुसऱ्या नात्यात आपोआप लागू होत नाही. काकूंना तो भाडेकरूकडून हवा असेल, तर करारातून किंवा कायद्यातून त्याचा रस्ता दाखवावा लागेल. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

## मग काकूंना पैसे मागण्याचा हक्क मिळतो कुठून?

दोन जागा आहेत. पहिली म्हणजे करारातलं कलम. या करारात एक वाक्य होतं: "भाडेकरू सोसायटीचे नियम पाळील आणि त्याच्या वागण्यामुळे घरमालकास सोसावा लागलेला दंड किंवा खर्च भरून देईल." दुसऱ्याचं नुकसान आपण भरून देऊ, अशा कबुलीला कायद्याच्या भाषेत हानिरक्षण म्हणतात. 1872 च्या भारतीय करार कायद्यात त्याची तरतूद आहे. हे वाक्य करारात असलं की मागणीला पाया मिळतो.

दुसरी जागा त्याच कायद्याच्या कलम 73 मध्ये आहे. एकानं करार मोडला आणि त्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. म्हणजे करारात दंडाचा शब्दही नसला, नुसतं "सोसायटीचे नियम पाळीन" एवढंच असलं, तरी काकूंचा हक्क पूर्ण बुडत नाही. फक्त त्यांना मग दाखवावं लागेल की नुकसान त्या नियमभंगामुळेच झालं.

या कलमाला एक महत्त्वाची पुस्ती आहे आणि घरमालक नेमकी तीच विसरतात. भरपाई ठरवताना, नुकसान झेलणाऱ्याच्या हाती ते टाळायचे किंवा कमी करायचे काय उपाय होते, हेही पाहिलं जातं. घरात पाणी शिरलेलं दिसत असताना मुख्य व्हॉल्व्ह बंद न करता बसून राहायचं आणि मग सगळ्या फर्निचरचे पैसे मागायचे, हे चालत नाही. काकूंचा न पाठवलेला ईमेल इथे आडवा येतो.

## दंडच बरोबर लागला नसेल तर?

भाडेकरूकडे बोट दाखवण्याआधी काकूंनी सोसायटीकडे पाहायला हवं होतं. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार कोणत्या नियमभंगाला किती दंड, हे सर्वसाधारण सभेनं ठरवायचं असतं. सेक्रेटरीनं किंवा कमिटीनं मनानं आकडा टाकायचा नसतो. दंड लावण्याआधी सदस्याला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आदर्श उपविधींमध्ये एका वर्षाच्या दंडाला 5,000 रुपयांची मर्यादाही आहे. तुमच्या सोसायटीनं कोणते उपविधी स्वीकारले आहेत, ते तिच्या नोंदणीकृत प्रतीत पाहा. ती प्रत मागायचा सदस्याला हक्क आहे.

म्हणून घरमालकानं सोसायटीला तीन कागद मागावेत: दर ठरवणारा सर्वसाधारण सभेचा ठराव, दिलेली नोटीस आणि दंडाचा निर्णय ज्यात नोंदला आहे ते इतिवृत्त. या प्रकरणात मागच्या वर्षीच्या सभेत ठराव झालेला होता: सामाईक जागेत सामान ठेवल्यास 1,000, नोटिशीची मुदत संपल्यावर रोज 100. नोटीसही होती आणि दंड सभेपुढे ठेवूनच मंजूर झाला होता. एकूण दंड 3,500, म्हणजे मर्यादेच्या आत. त्यामुळे दंड टिकणारा होता.

ठरावच नसता, तर? घरमालकानं विचारपूस न करता तो दंड भरून टाकला, तर भाडेकरू म्हणू शकतो की जे द्यायचंच नव्हतं ते तुम्ही दिलं, त्याचा भार माझ्यावर कशाला. आणि त्याचं म्हणणं बरोबर ठरेल.

नागपूरकरांसाठी इथे एक वेगळी गोष्ट. आपल्याकडे "सोसायटी" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कितीतरी इमारती सहकारी सोसायट्या नसतात. 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली बिल्डरनं डीड ऑफ डिक्लरेशन नोंदवलेलं असतं आणि फ्लॅटमालकांची असोसिएशन असते. तिचे नियम त्या डीडसोबत जोडलेले असतात. वर सांगितलेली 5,000 ची मर्यादा सहकारी सोसायटीच्या उपविधींमधली आहे, ती तिथे आपोआप लागत नाही. डीडसोबतच्या नियमांत दंडाबद्दल काय लिहिलंय तेच वाचावं लागतं. काही इमारतींत तर नोंदणीच नसते, चार मालक मिळून कमिटी म्हणवतात. तिथे "दंड कोणत्या कागदाच्या आधारे?" हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

## आता एकेक ओळ पाहू

नियमभंगाचा दंड, 1,000. कूलर भाडेकरूनं ठेवला यात वाद नाही. पण त्याचं म्हणणं होतं, "काकू, मला नियमांचा कागद कोणी दिलाच नाही." हे खरं होतं. काकूंनी उपविधींची प्रत दिली नव्हती. पण "सोसायटीचे नियम पाळीन" यावर त्यानं सही केली होती आणि तळमजल्यावर लिफ्टशेजारी पाटी होती: "पॅसेज व जिन्यात सामान ठेवू नये." रोज दोनदा जिच्यासमोर उभं राहतो ती पाटी माहीत नव्हती असं म्हणता येत नाही. ही रक्कम भाडेकरूची.

नियम असा ठळक नसता, तर मी वेगळं सांगितलं असतं. समजा, रात्री दहानंतर पाहुण्यांच्या गाड्या आत आणू नयेत असा ठराव मागच्याच महिन्यात झाला आणि तो फक्त मालकांच्या ग्रुपवर पडला. तो भाडेकरूपर्यंत पोचवणं हे मालकाचं काम. न पोचलेल्या नियमाचा पहिला दंड भाडेकरूच्या माथी मारणं मला पटत नाही, आणि वाद झाला तर तो सिद्ध करणंही अवघड जातं.

रोजचे 100 प्रमाणे, 2,500. खरा पेच या ओळीत आहे. सोसायटीच्या दृष्टीनं 25 दिवस सलग आहेत, पण काकू आणि भाडेकरू यांच्यात ते दोन तुकडे होतात. 18 ते 27 एप्रिल या दहा दिवसांत रोज दंड चढतोय हे फक्त काकूंना माहीत होतं. फोन करणं त्यांच्या हातात होतं. भाडेकरूला नोटीस मिळालीच नव्हती. हे 1,000 रुपये काकूंचे.

27 तारखेला सेक्रेटरी दारात आले. त्यानंतर भाडेकरू "मला माहीत नव्हतं" असं म्हणू शकत नाही. तोंडी सांगणंही सांगणंच असतं, आणि त्यानं "रविवारी हटवतो" असं कबूल केलं होतं. 28 एप्रिल ते 12 मे हे पंधरा दिवस, म्हणजे 1,500 रुपये त्याचे.

इथे भाडेकरूनं एक चांगला मुद्दा काढला: "रोज शंभर लागतायत हे सेक्रेटरींनीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी हटवला असता." मुद्द्यात थोडं तथ्य आहे. पण नियम पाळायचा तो दंडाचा आकडा कळल्यावरच, असं होत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात कूलर लागतो हे मीही जाणते. 45 अंशाला पोहोचणाऱ्या शहरात कूलर ही चैन नव्हे. पण कूलर बंद करा असं त्याला कोणी म्हटलंच नव्हतं, जागा बदला एवढंच म्हटलं होतं.

लिफ्टची दुरुस्ती, 2,800. बिलात ही रक्कम दंडाखाली लिहिली असली तरी हा दंड नाही. ही प्रत्यक्ष नुकसानाची भरपाई आहे. म्हणून इथे ठराव आणि मर्यादा पाहायची नाही. पाहायचं ते मेकॅनिकचं बिल. बिलावर 27 एप्रिल तारीख होती आणि काम लिहिलं होतं: पिटमधलं पाणी काढणे, भिजलेला स्विच बदलणे. पाण्याशी जुळणारं काम आहे, म्हणून मान्य. त्याच बिलात लिफ्टच्या दाराचे झिजलेले रोलर किंवा वर्षाचं सर्व्हिसिंग घुसवलेलं असतं, तर तेवढी रक्कम वेगळी काढावी लागली असती. असं होतं, म्हणून बिल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

भाडेकरूनं विचारलं, की काकूंनी 10 तारखेलाच कळवलं असतं तर 26 ला कूलर तिथे नसता, मग हे नुकसान कोणाचं? प्रश्न रास्त आहे. पण पाणी वाहिलं ते नळ रात्रभर उघडा ठेवल्यामुळे. तो कूलर घरात असता तरी टाकी वाहिली असती, फक्त पाणी त्याच्याच खोलीत शिरलं असतं. नोटीस मिळाली नाही म्हणून नळ उघडा ठेवायची मुभा मिळत नाही. माझ्या मते ही रक्कम भाडेकरूची, जरी एखादा मध्यस्थ थोडी वाटून घ्या म्हणाला असता, तर मी त्यालाही चूक म्हटलं नसतं.

थकबाकीवरचं व्याज, 900. मेंटेनन्स काकूंनी दोन तिमाह्या भरला नव्हता. करारानुसार मेंटेनन्स घरमालकानं भरायचा होता. कूलरशी याचा काडीचा संबंध नाही. ही काकूंची रक्कम.

बिनभोगवटा शुल्क, 1,500. मालक स्वतः राहत नाही आणि घर भाड्यानं देतो तेव्हा सोसायटी हे शुल्क घेते. ते मालकीशी जोडलेलं आहे, वागणुकीशी नाही, त्यामुळे करारात वेगळं ठरलं नसेल तर काकूंचंच. शिवाय 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. काकूंचं सेवा शुल्क महिन्याला 1,200, म्हणजे कमाल 120, सहा महिन्यांचे 720. सोसायटीनं 1,500 लावले होते. त्याबद्दल काकूंनी सोसायटीला वेगळं पत्र दिलं.

एकूण भाडेकरूकडे 1,000, 1,500 आणि 2,800 असे 5,300 आले. काकूंकडे 3,400 राहिले. बिल तेच, 8,700 चं.

## "करार रजिस्टर केलेलाच नाही," मग?

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी पुरते, ही समजूत आपल्याकडे फार पक्की बसली आहे. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आपल्या विषयासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट याच कलमात पुढे आहे. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, घरमालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे "दंड तू भरायचा असं ठरलं होतं" असं काकू म्हणाल्या आणि "असं काही ठरलं नव्हतं" असं भाडेकरू म्हणाला, तर पुराव्याचं ओझं काकूंवर येतं. नोंदणीचे थोडे पैसे वाचवायला जाणारा घरमालक इथे स्वतःची बाजू स्वतःच दुबळी करतो.

## "डिपॉझिट माझ्याकडेच आहे, कापून टाकीन"

डिपॉझिट हा भाडेकरूचा पैसा आहे, घरमालकाकडे ठेवायला दिलेला. करारात "भाडेकरूकडून येणं असलेली रक्कम डिपॉझिटमधून वळती करता येईल" असं लिहिलं असेल तर घर सोडताना जेवढी रक्कम खरोखर येणं आहे तेवढी कापता येते, आणि ती कशाची हे लिहून द्यावं लागतं. 5,300 च्या वादासाठी पूर्ण तीस हजार अडवून ठेवता येत नाहीत.

काही करारांत असंही लिहिलेलं असतं: "कोणताही नियम मोडल्यास भाडेकरू 10,000 रुपये देईल." अशी गोल रक्कम लिहिली म्हणून ती पूर्ण मिळत नाही. करार कायद्याच्या कलम 74 नुसार तो आकडा फक्त वरची मर्यादा असतो, त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

आणि वाद चालू असताना घरमालकानं नळ बंद करणं, कुलूप बदलणं किंवा सोसायटीला सांगून गेटवर अडवणं, हे काहीही करू नये. त्यानं त्याची पाच हजारांची रास्त मागणी बाजूला पडते आणि तक्रार उलट त्याच्याविरुद्ध होते. भाडेकरूनंही रागानं पुढच्या महिन्याचं भाडं थांबवू नये. भाडं थकलं की दंडाचा मुद्दा मागे पडतो आणि करार मोडल्याचं नवं कारण तयार होतं.

## मागायचं कसं, द्यायचं कसं

काकूंनी पहिल्यांदा नुसता फोटो आणि धमकी पाठवली होती, म्हणून भांडण झालं. दुसऱ्यांदा त्यांनी असा मेसेज केला:

"सोसायटीनं पॅसेजमधल्या कूलरबद्दल दंड आणि लिफ्ट दुरुस्तीचं बिल लावलं आहे. ठराव, नोटीस, मेकॅनिकचं बिल आणि मी भरलेल्या रकमेची पावती सोबत जोडते. त्यातले 5,300 तुमच्याकडून येतात. हिशेब खाली दिला आहे. 27 एप्रिलपर्यंतचा रोजचा दंड मी भरते, कारण नोटीस मी तुम्हाला पाठवली नव्हती. काही चुकीचं वाटत असेल तर आठ दिवसांत लिहा."

यातली पावती महत्त्वाची आहे. घरमालकानं सोसायटीत भरलेच नाहीत असे पैसे भाडेकरूकडून गोळा करणं योग्य नाही, आणि तसं होतं, म्हणून भाडेकरूनं पावती मागावीच. पैसे रोख देऊ नयेत. बँकेतून किंवा यूपीआयवरून द्यावेत आणि सोबत लिहावं: "लिफ्ट दुरुस्ती व पॅसेज दंड, पूर्ण व अंतिम." नाही तर घर सोडताना तीच रक्कम पुन्हा डिपॉझिटमधून कापली जाते. माझ्याकडे आलेल्या अशा एका भाडेकरूला आधी दिलेले रोख पैसे दाखवता आले नव्हते.

या भाडेकरूनं मेसेजला उत्तर म्हणून 5,300 दोन हप्त्यांत देतो असं लिहिलं. काकूंनी होकार दिला. जुलै सुरू होण्याआधी दोन्ही हप्ते मिळाले आणि काकूंनी "या विषयात काही येणं नाही" असं लिहून पाठवलं. नवतप्याआधीच त्यांनी स्वतःच्या खर्चानं हॉलच्या बाहेरच्या खिडकीला स्टँड बसवून दिला. सोसायटीची परवानगी त्यासाठी लागली, ती त्यांनीच घेतली.

## पुढच्या करारात कोणतं वाक्य टाकावं?

जुन्या कलमात नोटीस आणि पावती या दोन गोष्टी नव्हत्या. नव्या करारासाठी मी त्यांना हे लिहून दिलं:

"घरमालक सोसायटीच्या नियमांची प्रत भाडेकरूस ताबा देताना देईल. सोसायटीची कोणतीही नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत ती भाडेकरूस व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलनं पाठवील. भाडेकरूच्या किंवा त्याच्या पाहुण्यांच्या नियमभंगामुळे सोसायटीनं नियमानुसार लावलेला दंड व प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च, घरमालकानं भरल्याची पावती दाखवल्यावर, भाडेकरू पंधरा दिवसांत देईल. नोटीस पाठवण्यास घरमालकाकडून झालेल्या उशिराच्या काळातील दंड घरमालकाचा राहील. मेंटेनन्स, त्यावरील व्याज व बिनभोगवटा शुल्क घरमालकाचे राहील."

"पाहुण्यांच्या" हा शब्द मुद्दाम टाकला आहे. पॅसेजमधल्या चपला आणि चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या बहुतेक वेळा पाहुण्यांच्याच असतात, आणि त्यावर "मी नव्हतो, माझा मेहुणा होता" हे उत्तर ठरलेलं असतं. ऑनलाइन नोंदणी करणारा एजंट ठरलेला छापील मसुदा वापरतो. त्याला हे कलम अवांतर अटींच्या जागी टाकायला सांगा, आणि अंगठ्याचा ठसा देण्याआधी मसुदा वाचताना ते खरोखर आलंय का, हे दोघांनीही तपासा.